वरिष्ठ लेखापाल पदाचा राजीनामा

भोसरी, पुणे
दिनांक: 8 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब

विषय: राजीनामा, नोटीस कालावधी व अनुभवाचा दाखला याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

वरिष्ठ लेखापाल पदाचा मी राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील कलम 9 प्रमाणे 60 दिवसांची नोटीस लागते. आजचा दिवस सोडून मोजले तर साठावा दिवस शुक्रवार, 7 नोव्हेंबर 2025 येतो. तो माझा कामाचा शेवटचा दिवस.

गुरुवारी आपल्या केबिनमध्ये मी एवढेच म्हणाले, की मला नोकरी सोडायची आहे. आपण दोनदा कारण विचारलेत आणि मी गप्प राहिले. तेव्हा बोलले असते तर जास्त बोलले असते. साडेआठ वर्षांत आपल्याशी कधी आवाज चढवला नाही, तो शेवटी कशाला चढवायचा. पण कारण कागदावर नसेल तर उद्या कुणीतरी "घरच्या अडचणीमुळे सोडली" असे लिहून मोकळे होईल. घरी काहीही अडचण नाही.

22 ऑगस्टच्या बैठकीत जुलैचे 3 लाख 40 हजारांचे इनपुट क्रेडिट हुकल्याचे खापर माझ्यावर फुटले. पुरवठादाराने आपले विवरणपत्र 11 तारखेपर्यंत भरलेच नाही, म्हणून ती बिले आपल्या 2बी मध्ये दिसली नाहीत. हे मी 12 ऑगस्टला खरेदी विभागाला मेलने कळवले, 14 तारखेला 2बी आल्यावर पुन्हा कळवले. दोन्ही मेलमध्ये आपल्यालाही प्रत आहे. दरम्यान त्या पुरवठादाराला पूर्ण पैसेही दिले गेले. बैठकीत मात्र "अकाउंट्स झोपले होते का?" असा प्रश्न आला आणि टेबलाभोवतीचे हसले. आपण हसला नाहीत, पण काही बोललाही नाहीत. त्याचे मला जास्त लागले.

हे एकाच दिवसाचे असते तर गिळले असते. लेखा प्रमुखांनी मार्च 2023 मध्ये नोकरी सोडली तेव्हा आपण म्हणालात, "सध्या सांभाळून घ्या, पुढच्या वाढीच्या वेळी बघू." त्या शब्दावर दोन वर्षांहून जास्त काळ मी ते काम केले: ताळेबंद, ऑडिटरच्या शंका, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवण्याची कागदपत्रे, सगळे. दोन पगारवाढी येऊन गेल्या. पद तेच राहिले आणि जुलैमध्ये बाहेरून व्यवस्थापक आले. त्यांच्यावर माझा राग नाही, ते सज्जन आहेत. त्यांना आपली खाती मीच समजावून सांगते आहे आणि शेवटच्या दिवसापर्यंत सांगेन. या विषयावर माझे म्हणणे इथे संपले. कंपनीत किंवा बाहेर कुणाजवळ मी ते उगाळणार नाही.

आता कामाचे. राजीनामा दिलेला माणूस नोटीसमध्ये नुसता खुर्ची ऊबवतो, अशी समजूत असते. माझ्या बाबतीत ती बाळगू नये.

22 सप्टेंबरपासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर येतो आहे. आपला बहुतेक माल 28 मध्ये होता. टॅलीत सर्व वस्तूंचे दर बदलणे, 21 तारखेच्या रात्रीपर्यंतच्या बिलांची आणि वाटेत असलेल्या मालाची यादी करणे, हे काम मी स्वतः करेन. यात एक चूक झाली तर ग्राहक पुढचे सहा महिने क्रेडिट नोट मागत बसतील. कर लेखापरीक्षणाची मुदत 30 सप्टेंबर आहे, त्याची सगळी परिशिष्टे ऑडिटरकडे 18 तारखेपर्यंत पोचतील. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र 31 ऑक्टोबरपूर्वी भरले जाईल. ऑक्टोबरचा टीडीएस भरण्याची तारीख योगायोगाने 7 नोव्हेंबरच आहे. चलन भरून मगच मी निघेन.

एक गोष्ट तातडीची आहे. जीएसटी पोर्टलवर अजून माझा मोबाइल नंबर नोंदलेला आहे, ओटीपी माझ्याकडे येतात. तो ऑक्टोबरमध्येच बदलून घ्यावा. आपल्या डिजिटल सहीचे टोकन आणि लॉकरची दुसरी किल्ली मी सहीनिशी आपल्या हाती देईन, दुसऱ्या कुणाकडे नाही. बँकेच्या नेट बँकिंगमधले माझे नाव त्याच दिवशी काढावे. माझ्याच सोयीसाठी सांगते आहे.

माझ्या येणे रकमेबद्दल. मी 17 एप्रिल 2017 रोजी रुजू झाले. 7 नोव्हेंबरला 8 वर्षे, 6 महिने, 21 दिवस होतात. ग्रॅच्युइटीसाठी सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे 9 वर्षे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 31,200 रुपये, भागिले 26, गुणिले 15, गुणिले 9: 1,44,000 नव्हे, 1,62,000 रुपये. दोन्ही आकडे मुद्दाम लिहिले. मला 17 ऑक्टोबरच्या आत मोकळे केले तर हिशेब आठ वर्षांवर येतो आणि 18,000 रुपयांचा फरक पडतो. असे कुणाच्या मनात असेल असे मी म्हणत नाही, पण लेखापालाने आपलाच हिशेब अर्धवट ठेवू नये. म्हणून नोटीस पूर्ण करू द्यावी, ही विनंती. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत मिळावी. शिल्लक 14 अर्जित रजांचे पैसे अंतिम हिशेबात धरावेत. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवावी, म्हणजे खाते पुढे वर्ग करताना मला खेटे घालावे लागणार नाहीत.

दिवाळीचे पाकीट हातात पडले की दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकायचा, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. त्या पाकिटांचा हिशेब मीच करते. मी तोवर थांबले नाही. सानुग्रह रक्कम मला द्यायची की नाही हे आपण ठरवावे, त्यावर माझा दावा नाही.

दावा आहे तो एकाच गोष्टीवर. पुढची नोकरी अजून ठरलेली नाही, त्यामुळे अनुभवाच्या दाखल्यावर माझे बरेच काही अवलंबून आहे. त्यात "वरिष्ठ लेखापाल" एवढेच न लिहिता, एप्रिल 2023 ते जून 2025 या काळात लेखा प्रमुखाचे काम मी सांभाळले, हे नमूद करावे. पद दिले नाही ते राहू दे. काम केले ते तरी लिहावे. त्या दोन आर्थिक वर्षांच्या ऑडिटचा पत्रव्यवहार माझ्या नावाने आहे, त्यामुळे कुणाला खातरजमा करायला वेळ लागणार नाही. मसुदा सोबत जोडला आहे, त्यात एकही विशेषण नाही.

नव्या ठिकाणाहून चौकशीचा फोन आला तर तो आपण स्वतः घ्यावा, अशी विनंती आहे. माझे काम आपण सुरुवातीपासून पाहिले आहे. 2017 मध्ये हाताने लिहिलेल्या वह्यांवरून टॅलीवर येताना आपण रात्री नऊपर्यंत माझ्याशेजारी बसून जुन्या नोंदी वाचून दाखवल्या होत्या. मी इथे जे शिकले त्यात त्या रात्रींचा वाटा मोठा आहे, आणि हे मी 22 ऑगस्टनंतरही तसेच म्हणते.

राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र व कार्यमुक्तीची तारीख आठवड्याभरात लेखी मिळावी. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच देऊन ती शिपायाबरोबर पाठवावी. मी जागेवरच आहे, सप्टेंबरच्या बँक मेळाचे काम चालू आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
वैशाली
वरिष्ठ लेखापाल, लेखा विभाग

सोबत:
1. अनुभवाच्या दाखल्याचा मसुदा
2. 12 व 14 ऑगस्टच्या मेलच्या प्रती
3. सोपवायच्या कामांची तारीखवार यादी