लाल मातीची शाळा माझी

सगळ्या बाईंना, सरांना, एसडीएमसीच्या मंडळींना आणि पाचवी ते सातवीच्या पोरांना, शेवटी गाणं पूर्ण झालंय, खाली सगळं टाकते. धृवपद, कडवी, चालीचे स्वर, कुठं थांबायचं तेसुद्धा, म्हणजे झेरॉक्स काढून प्रत्येक वर्गात भिंतीला लावता येईल आणि मी रजेवर असले तरी अडणार नाही.

एक आधीच सांगते. लहानपणी मी ज्या शाळेत होते तिथलं गीत फार छान होतं, पण चाल इतकी वर जायची की पहिली-दुसरीची पोरं तोंड हलवायची नुसती आणि मोठ्या चार मुलीच गायच्या, मीही त्या गप्प राहणाऱ्यांतलीच एक. म्हणून हे गाणं बांधताना एकच गोष्ट धरून ठेवली, आपल्या शाळेतलं सगळ्यात बारकं पोर याची प्रत्येक ओळ पूर्ण आवाजात म्हणू शकलं पाहिजे. अख्ख्या चालीत पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध, म आणि नी लागतच नाहीत, सगळ्यात वरचा ध, वरचा सा येतच नाही. पेटी पांढरी दोनला धरा, मुलींनाच म्हणायचं असेल तर काळी दोन. ताल साधा केरवा, एका ओळीला एक आवर्तन, आठ मात्रा. तबला नसला तर बाकावर हात चालतोय.

धृवपद, सगळ्यांनी मिळून, दोनदा:

लाल मातीची शाळा माझी
कौलांवरती पाऊस गाई,
मायबोलीत पहिलं अक्षर
इथेच माझ्या हाती येई.
चला रे चला, चला गं चला,
शाळेची घंटा झाली रे!

पेटीवर असं वाजेल, एका अक्षराला एक स्वर:

ग ग प ग रे । सा रे ग ग
ग ग प प ध । प ग रे ग ग
प प ध प ग । ग रे ग प प प
ग ग रे सा रे । ग रे सा सा
सा सा ग सा सा । ग ग प ग ग
प प ध प । ग रे सा सा

म्हणताना ‘मातीची’तला ती आखूड करायचा, लाऽल माऽति ची, असा झोका येतो बघा, पहिल्या दोन घासांना तीन तीन आणि शेवटाला दोन. ‘पाऊस’ पण पाउस म्हणायचा. लिहिताना मात्र शुद्धच लिहायचं, नाहीतर पोरं वहीत ‘पाउस’ लिहून आणतील आणि मला त्यांना चूक तरी कशी म्हणता येईल. ‘चला रे चला’ मुलग्यांनी, ‘चला गं चला’ मुलींनी, आणि शेवटची ओळ परत सगळ्यांनी, तिथं प्रत्येक अक्षरावर एक टाळी, आठ अक्षरं आठ टाळ्या.

कौलांवरची ओळ कुठनं आली ते दुसरीच्या वर्गाला माहीत आहे. जुलैत कोपऱ्यातलं एक कौल सरकलं होतं, खाली स्टीलची बादली ठेवलेली, पाढे चालू होते आणि थेंब बरोब्बर पाढ्याच्या तालात पडायला लागला, बे एके बे टप्प, बे दुणे चार टप्प, मग पोरांनीच आवाज बारीक करून त्या थेंबाला जागा दिली. कौल आता बसवलंय. ओळ राहू दे म्हटलं.

कडवं 1

कणकुंबीच्या डोंगरातनं
मलप्रभा ही येते खाली,
आईसंगे चिखलामध्ये
रोप लावती मुलं सकाळी.

(लाल मातीची शाळा माझी...)

कडव्यांना वेगळी चाल नाही, धृवपदाच्या पहिल्या चार ओळींचीच चाल लावायची, एवढं शिकलं की सगळं गाणं आलं. एखाद्या अक्षराला स्वर कमी पडला तर शेजारचाच परत घ्यायचा. मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पार कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते, हे नकाशावर बोट फिरवून दाखवा आणि मगच कडवं शिकवा, चौथीची पोरं ‘ही आमच्याकडची?’ म्हणून दोनदा विचारतात आणि मग तीच ओळ सगळ्यात मोठ्यानं म्हणतात.

कडवं 2

खानापूरचं कौल लाल हे,
चाकावरती माती फिरते,
जशी घडवली तशी उभी ती
भाजून निघता खणखण करते.

(लाल मातीची शाळा माझी...)

हे कडवं माझं सगळ्यात आवडतं, ‘खणखण’वर सातवीच्या दोघांनी स्टीलच्या ताटलीवर चमचा मारायचा, हळू. खानापूरची माती कुंभारकामाला किती चांगली ते वेगळं सांगायला नको, तिथं कुंभारकाम शिकवणारी संस्थाच आहे, जमलं तर या वर्षीची सहल तिथंच नेऊया, चाकावर माती वर चढताना एकदा डोळ्यांनी बघितली की हे कडवं पाठ करून घ्यावं लागणार नाही.

कडवं 3

नंदगडाच्या वडाखालती
रायण्णाची ऐकू गाथा,
कित्तूरच्या त्या चन्नम्माची
आठवण ठेवू झुकवून माथा.

(लाल मातीची शाळा माझी...)

इथं आवाज खाली, टाळ्या नकोत. राणी चन्नम्मा 1824 ला इंग्रजांशी लढली, तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला 26 जानेवारी 1831 ला नंदगडला फाशी दिली, समाधी तिथंच आहे, आपल्या तालुक्यात, कितीतरी पोरं एसटीनं तिथनं जातात-येतात आणि वड बघतात पण माहीत नसतं. 26 जानेवारीला झेंडावंदन झालं की हेच कडवं दोनदा घ्यायचं, तारीख तीच आहे हे पोरांना कळू दे.

कडवं 4

घरी मराठी, बाजाराला
कन्नड बोली गोड जुळावी,
बर्री म्हणती, या या म्हणतो,
दोन्ही दारं उघडी व्हावी.

(लाल मातीची शाळा माझी...)

या कडव्यावर मीटिंगमध्ये बोलणं झालं, कोण म्हणालं कशाला कन्नड आपल्या गाण्यात, कोण म्हणालं उलट अजून एक कडवं कन्नडमधनंच घाला. मला मनापासून वाटतं ते लिहिलंय. धृवपदात मायबोली आहे ती आहे, तिथं एक अक्षरही कमी करणार नाही, पोराला पहिलं अक्षर आईच्या भाषेत मिळालं पाहिजे आणि त्यासाठीच ही शाळा चालू राहिली पाहिजे. पण त्याच पोराला शनिवारी बाजारात अक्कांशी दोन शब्द नीट बोलता आले तर त्याचं काय जातंय, उलट मिळतंयच. आपल्या कन्नडच्या सरांनीच मला सांगितलं की ‘बन्नी’ नको, इकडं ‘बर्री’ म्हणतात, तेच ठेवा. प्रार्थनेचा क्रम बदलत नाही, नाडगीत, राष्ट्रगीत जसं चालतं तसंच, आपलं गाणं त्याच्यानंतर वर्गात जाताना.

कडवं 5

दुपारच्याला भात नि आमटी
ओळीमध्ये बसुनी खाऊ,
कुठला वाडा, कुठली वस्ती,
ताटापुढती बहीण-भाऊ.

(लाल मातीची शाळा माझी...)

हे दासोहच्या मावशींसाठी, त्यांना पहिल्या रांगेत बसवून म्हणायचं. गाण्यात गावाचं नाव कुठंच घातलं नाही ते पण याच्यासाठी, शेजारच्या वाड्यांची पोरं चालत येतात, पावसात ओढा चढला की वळसा घालून येतात, त्यांना हे गाणं दुसऱ्या गावाचं वाटायला नको.

कडवं 6

कुणी पुण्याला, कुणी गोव्याला,
गेले दादा, गेली ताई,
चवथीला जो परतून येई
पायरीवरती क्षणभर राही.

(लाल मातीची शाळा माझी...)

चवथीच्या सुट्टीत शाळेला कुलूप असतं, तरी दरवर्षी बघते, पणजीला नाहीतर फोंड्याला हॉटेलात काम करणारा कोणतरी येतो, व्हरांड्याच्या पायरीवर बसतो, फोन काढत नाही काही नाही, दगडावर हात फिरवतो आणि जातो. गेल्या वर्षी एकानं खिडकीतनं वाकून फळा बघितला आणि मला विचारलं, बाई तारीख अजून उजव्या कोपऱ्यातच लिहितासा काय. त्याच्यासाठी हे कडवं. गॅदरिंगला माजी विद्यार्थी आले तर हे त्यांनाच म्हणू दे, पोरांनी फक्त धृवपद उचलायचं.

कडवं 7

वाचत जाऊ, मोजत जाऊ,
चुकलो तर ते पुन्हा करू,
हात सोडुनी पुढे न जाऊ,
मागे राहील त्यास धरू.

दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं शेवटचं अक्षर लांबवायचं, करूऽ, धरूऽ, तिथं प्रत्येकानं शेजारच्याचा हात धरायचा आणि सोडायचा नाही. मग लगेच, न थांबता, पूर्ण आवाजात:

लाल मातीची शाळा माझी
कौलांवरती पाऊस गाई,
मायबोलीत पहिलं अक्षर
इथेच माझ्या हाती येई.
चला रे चला, चला गं चला,
शाळेची घंटा झाली रे!

रोज सातही कडवी नकोत, पोरं उन्हात उभी असतात. रोज पहिलं आणि सातवं, बास. सोमवारी चौथं जोडा. पूर्ण गाणं फक्त गॅदरिंगला आणि पालक येतात त्या दिवशी.

जूनमध्ये दाखल्यासाठी प्रभात फेरी निघते तेव्हा शेवटच्या दोन ओळी अशा बदलायच्या, चालताना पाय बरोबर पडतात:

चला रे चला, चला गं चला,
गावाला जागं करूया रे!

आणि सातवीच्या निरोपाला एक जादा कडवं, हे फक्त सातवीनं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं:

सातवी झाली, निघतो आता,
बाक ठेवला झाडून पुसून,
पहिलीमधल्या त्या छोट्याला
जागा देतो हात धरून.

याची तालीम सातवीसमोर घेऊ नका, मी एकदा घेतली, तिसऱ्या ओळीपर्यंत कोणाचा आवाज राहिला नाही, माझाही नाही. त्यांना कागद द्या, घरी पाठ करू दे, आणि निरोपाच्या दिवशी पहिलीचं एकेक पोर त्यांच्या शेजारी उभं करा, चौथ्या ओळीला खरंच हात धरून त्याला बाकावर नेऊन बसवायचं.

तालीम उद्यापासून, मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं, आधी पहिली-दुसरी, मोठी पोरं मागनं, कारण बारक्यांचा आवाज पहिला बसला पाहिजे. ‘झाली रे’चा रे संपला की व्हरांड्यातला रुळाचा तुकडा एकदाच वाजवायचा, तो मान पहिलीतल्या कोणाला तरी, रोज वेगळ्या पोराला, हात पोचत नसेल तर उचलून धरा.