देवीचं रूप

(मुंबई सेशन्स कोर्ट, १९५६. लालबागच्या एका चाळीतल्या खुनाचा खटला. नऊ जणांची ज्यूरी विचारविनिमयासाठी आत बसली आहे. पहिल्या मोजणीत आठ मतं ‘दोषी’ पडली. नवव्याचं, बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कंपनीतल्या हेडक्लार्कचं, हे बोलणं.)

फोरमनसाहेब, चहा येतोय तोवर दहा मिनिटं मला द्या. आठांना घरी जायचंय आणि मी एकटा अडून बसलोय, हे मला दिसतंय. बहुमतानं निकाल देता येतो, तेव्हा माझ्यावाचून तुमचं अडत नाही. पण यंदाच छागलासाहेबांनी हायकोर्टात टिळकांच्या त्या शब्दांची पाटी बसवली ना? त्या १९०८ च्या खटल्यात ज्यूरीत सात युरोपियन होते, दोन पारशी. निकाल सातास दोन. त्या दोघांनाही कुणीतरी ‘कशाला वेळ घेता’ म्हटलंच असेल. असो. मी काही टिळकांचा दाखला या मुकादमाच्या खुनाला लावत नाही. मला आमच्या गावची गोष्ट सांगायचीय.

माझं गाव राजापूरकडचं. शिमग्यात आमच्याकडे देवीच्या पालखीला रूपं लावतात. रूपं म्हणजे चांदीचे मुखवटे. आमची पाच. वर्षभर पेटाऱ्यात, लाल फडक्यात गुंडाळून. शिमग्याला काढायची, उजळायची, पालखीत बसवायची. मग पालखी घरोघर फिरते. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेन. त्या वर्षी पालखी सहाणेवरून देवळात परत आली, गुरवानं रूपं उतरवून पेटाऱ्यात ठेवली, कुलूप घातलं. सकाळी उघडतो तर चारच.

तुम्ही मुंबईचे, शहाभाई, तुम्हाला नाही कळायचं गावात काय होतं ते. चोरीचं दुःख राहिलं बाजूला, यंदा पाऊस येणार नाही इथपासून सुरुवात. दुपारपर्यंत नाव ठरलंसुद्धा. गुरवाचा पुतण्या, सोनू.

आणि ते नाव चिकटायला पुढे कारणंही मिळत गेली, उगाच नाही. पहाटे देवळामागून त्याला जाताना पाहिलेला, घोंगडीखाली काहीतरी धरून. किल्ली काकाच्या कनवटीला, म्हणजे घरातच. राजापूरच्या वाण्याचे चौदा रुपये त्याच्याकडे दोन वर्षं थकलेले, ते त्यानं चौथ्या दिवशी चुकते केले. त्याच्या गोठ्यात गवताच्या भाऱ्यात लाल फडकं सापडलं. आणि गावकी बसली तेव्हा तो घाबरलेला होता, बोलताना अडखळत होता. मोजा. पाच गोष्टी झाल्या. आपल्या सरकारी वकिलांनी काल बोटांवर मोजल्या त्याही पाचच होत्या.

एरवी असल्या वेळी आमच्याकडे देवीला कौल लावतात. पण कौल लावणार गुरव, आणि संशय गुरवाच्याच घरावर! तेव्हा तेही बंद. पाच मानकरी बसले, त्यांत माझे वडील एक.

गावात शाळामास्तर होते, घाटावरचे. मानकरी नव्हते, तेव्हा बोलायचा अधिकार नाही. पण त्यांनी हात जोडून एवढंच विचारलं, की मंडळी, यातलं स्वतःच्या डोळ्यांनी कुणी काय पाहिलं ते मी पाटीवर लिहून घेऊ का? लिहा म्हणाले. मास्तरांना अक्षर सुंदर होतं, त्यामुळे कुणी नाही म्हणत नसे.

पहाटे सोनूला कुणी पाहिलं? दहा-बारा माणसं उठली. मास्तर एकेकाला विचारत गेले: तुम्ही तिथे कुठे उभे होतात? मी नव्हतो, मला अमक्यानं सांगितलं. त्याला? तमक्यानं. असं करत करत सगळे येऊन थांबले भाऊपाशी. भाऊ म्हणजे खोतांकडचा गडी. बरं, गोठ्यात फडकं आहे हे कसं कळलं? भाऊ म्हणाला, तिथे बघा. वाण्याचे पैसे फिटल्याची बातमी गावात कुणी आणली? भाऊ बाजाराला गेला होता. आणि भाऊची नि सोनूची काजूच्या बागेच्या मेरेवरून दोन वर्षं बोलाचाली नव्हती, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक.

पाटीवर शेवटी एकच नाव उरलं. पाच पुरावे म्हणून जे दिसत होते ते बहुतेक एकाच खुंटीला टांगलेले होते. मास्तर म्हणाले, “भाऊ खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. सोनूनं नेलं नाही असंही म्हणत नाही. भाऊला बाजूला बसवा आणि मग काय उरतं ते मला सांगा.” उरलं काय? किल्ली आणि कर्ज. किल्ली त्या घरातल्या चार पुरुषांना सापडण्यासारखी होती. आणि कर्ज नाही असं घर आमच्या गावात खोतांचं एकच.

वाण्याला नंतर विचारलं तर चौदा रुपये दिले हे खरंच निघालं. सोनू म्हणाला, बांबू विकले. कुणाला विकले त्याचं नाव त्याला सांगता आलं नाही. हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. लाल फडकं पेटाऱ्यातलंच का, ते गुरवालाही छातीठोक सांगता येईना. तसलं फडकं शिमग्यात घरोघर असतं.

गावकीनं निकाल काय दिला? दोषी. माझ्या वडिलांनीही मान हलवली. त्या घराला वाळीत टाकलं; विस्तव नाही, पाणी नाही. सोनू मुंबईला आला. त्याची आई मागे राहिली, तिच्या हातची ओंजळसुद्धा कुणी घेत नसे.

आता तुम्ही वाट बघताय की मरताना भाऊनं कबुली दिली, किंवा विहीर उपसताना रूप सापडलं. तसलं काही नाही. भाऊ पटकीनं गेला, दोन दिवसांत, एक शब्द न बोलता. रूप आजतागायत मिळालेलं नाही. चार रूपांवर पालखी निघते. सोनू मला पुढे परळला भेटला होता, मनगटात सोन्याचं कडं. मी चहा पाजला त्याला आणि सबंध वेळ त्या कड्याकडे बघत होतो. चोरलं असेल का यानं? आजही तुम्ही मला विचारलंत तर मला माहीत नाही. आणि मास्तर त्या दिवशी मागत होते ते एवढंच होतं, की गावानं ‘आम्हाला माहीत नाही’ असं म्हणावं. त्यासाठी खरा चोर शोधून द्यावा लागत नव्हता.

आता आपल्या खटल्याकडे या. जिन्यावरचा दिवा गेलेला, रात्री साडेअकराची वेळ. मुकादमाला भोसकलं. आरोपी बदली कामगार. मुकादमानं त्याला महिनाभर काम दिलं नव्हतं आणि त्यानं ‘बघून घेईन’ म्हटलं होतं, चार लोकांत. हे पक्कं आहे, मी मानतो. पुढचं बघा. तीन नंबरचा साक्षीदार, पानवाला, त्यानं आरोपीला खाली पळताना पाहिलं. पाच नंबरच्यानं काय पाहिलं? तो झोपला होता. “अमक्यानं मारला” अशी ओरड ऐकून उठला. ओरडलं कोण? तीन नंबर. सुरी कुठे मिळाली? संडासाच्या पत्र्यावर, जिथे अख्ख्या चाळीचा हात पोचतो. आरोपीनं ती काढून दिली म्हणून पंचनामा झाला, आणि त्यावर सही करणारा पंच रोज संध्याकाळी कुणाच्या ठेल्यावर बसतो? केमिकल अ‍ॅनालायझर म्हणतो रक्त माणसाचं, पण गट लागला नाही. म्हणजे ते मुकादमाचं की आणखी कुणाचं, हे तो सांगत नाही.

आणि या पानवाल्यावर दारूबंदीच्या दोन केसेस आहेत, हातभट्टीच्या. उलटतपासणीत त्यानंच कबूल केलं. पोलिसांची मर्जी राखणं त्याला भाग आहे. खोटं बोलला असं मी म्हणत नाही. कदाचित अंधारात त्याला खरंच ओळखू आला असेल.

नाईकसाहेब, तुमचं म्हणणं पटतं मला, की असं किसत बसलं तर जगात कुणावरच गुन्हा शाबीत व्हायचा नाही. मी याआधी एकदा ज्यूरीत बसलोय आणि ‘दोषी’ म्हणून हात वर केलाय. तिथेही आरोपी रडला होता, तिथेही वकील ‘साहेब, संशय, संशय’ करत होता. पण तिथे दोन अनोळखी माणसांनी दोन बाजूंनी पाहिलं होतं, आणि एकाला वगळलं तरी दुसरा उभा राहत होता. जज्जसाहेबांनी आज तेच समजावलं ना? कुठलीही कल्पना लढवून काढलेली शंका नव्हे. पुरावा पाहिल्यावर शहाण्या माणसाच्या मनात जिला कारण देता येतं ती. माझं कारण मी दिलं. तीन नंबरला बाजूला बसवा आणि मला सांगा काय उरतं. धमकी उरते. धमकी तर मीही माझ्या साहेबाला मनातल्या मनात दर शनिवारी देतो.

“आणि त्यानंच मारला असेल तर?” विचारा, विचारायलाच हवं. मारला असेल तर मुकादमाच्या बायकोवर अन्याय होईल, आणि तो मी माझ्या हातानं करत असेन. ती रोज पहिल्या बाकावर बसते, हिरवी बांगडी फोडलेल्या हातांनी पदर धरून. मला दिसत नाही असं समजू नका. रात्री झोप लागत नाही ती तिच्यामुळेच. फाशी की जन्मठेप हे जज्जसाहेब बघतील, ते आपलं काम नाही. ‘शाबीत झालं का’ एवढंच आपल्याला विचारलंय.

फोरमनसाहेब, मत बदला असं मी म्हणत नाही. एक करू या. बाहेर शिपाई आहे, त्याच्या हाती चिठ्ठी द्या. पाच नंबरची साक्ष पुन्हा वाचून दाखवा अशी कोर्टाला विनंती करा. त्यानं आधी ऐकलं आणि मग दार उघडलं, की दार उघडल्यावर स्वतः माणूस पाहिला? काल मी ते लिहून घेतलंय, पण माझं टिपण म्हणजे पुरावा नव्हे. त्यानं स्वतः पाहिलं असं साक्षीत निघालं, तर मी तुमच्यात नववा.

पेन्सिल आहे माझ्याकडे. चिठ्ठी इंग्रजीत तुम्ही लिहा, तुमचं अक्षर बरं आहे.