परीक्षक क्रमांक २ : मुद्दा ३ चा सुधारित अभिप्राय

नागपूर

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

ठिबक सिंचन आणि संत्र्याची फळगळ या लेखावरील माझ्या अहवालातील तिसरा मुद्दा असा होता : ‘दोन बागा पाहून १२० झाडांची चाचणी लावणाऱ्यांना प्रयोगरचनेतले ओ की ठो कळत नाही. हा निव्वळ आकड्यांचा खेळ आहे.’ हा मजकूर मागे घेत आहे. त्यातील आक्षेप मात्र कायम असल्यामुळे लेखकांना त्याऐवजी पुढील मजकूर पाठवावा, ही विनंती.

मुद्दा ३. अंबिया बहारात दर आठवड्याला प्रत्येक झाडाखालची गळालेली फळे मोजण्याचे काम आपण चिकाटीने केले आहे आणि नोंदी विश्वासार्ह वाटतात. अडचण मोजणीत नसून तुलनेच्या रचनेत आहे. ठिबक एका बागेत आहे, पाटपाणी दुसऱ्या बागेत. प्रत्येकी ६० झाडे स्वतंत्र नमुने धरून आपण ११८ स्वातंत्र्यमात्रांची टी-चाचणी लावली आहे. परंतु पाणी देण्याची पद्धत झाडागणिक नव्हे, तर बागेगणिक ठरलेली असल्याने प्रत्येक पद्धतीची पुनरावृत्ती प्रत्यक्षात एकच होते. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ज्याला आभासी पुनरावृत्तीचा दोष म्हटले, तो हाच. शिवाय आपल्याच पहिल्या तक्त्यानुसार एका बागेत झाडे ९ वर्षांची व रंगपूर लिंबाच्या खुंटावरची आहेत, तर दुसरीत १४ वर्षांची व जंबेरीच्या खुंटावरची. त्यामुळे फळगळीतला फरक पाण्यामुळे पडला, खुंटामुळे की वयामुळे, हे या माहितीवरून वेगळे करता येत नाही. बाग हा यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रतिमान लावले तरीही ही गाठ सुटणार नाही, कारण प्रत्येक पद्धतीची बाग एकच आहे. (पुनर्विश्लेषणात हा मार्ग सुचणे स्वाभाविक आहे, म्हणून आधीच लिहितो.)

पुढचा बहार हाताशी असल्यास एकाच वयाच्या व एकाच खुंटाच्या बागेत झाडांचे गट पाडून पाण्याची पद्धत चिठ्ठी टाकून ठरवावी, पाटाचे पाणी शेजारच्या गटात झिरपू नये म्हणून मधली एक ओळ मोजणीबाहेर ठेवावी, आणि अशा निदान काही बागा घ्याव्यात. ते शक्य नसल्यास लेख दोन बागांचे निरीक्षण म्हणून मांडावा : सार्थकतेची चाचणी काढावी, शीर्षकातील ‘परिणाम’ हा शब्द बदलावा आणि ठिबकाची शिफारस वगळावी. झाडाझाडांतील फरकाचे आपले आकडे तरीही मोलाचे आहेत. पुढील प्रयोगात दर गटात किती झाडे पुरतील, याचा अंदाज त्यांवरून बांधता येईल, म्हणून ते सविस्तर द्यावेत.

संपादकांसाठी : माझी शिफारस ‘नाकारावा’ ऐवजी ‘मोठ्या दुरुस्त्यांसह पुनर्विचार’ अशी नोंदवावी, मात्र मुद्दा ३ चे निराकरण झाल्याशिवाय लेख स्वीकारू नये.

आपला,
परीक्षक क्रमांक २