मिरगापूर्वी एकदा जमिनीचा एक-चौदा उतारा काढून बघा (मे महिन्याचे पत्र)

नमस्कार मंडळी,

पाऊस तोंडावर आला आहे. नळे परतायचे राहिले असतील तर या आठवड्यातच माणूस बोलवा, मिरग लागला की कोणी हाती लागत नाही. स्लॅब असेल तर पाणी जायच्या पायपांच्या तोंडातला पालापाचोळा आधी काढा. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. चिऱ्याच्या उघड्या भिंतीला पावसाची झड लागत असेल तर पत्रा थोडा पुढे घ्या.

आता बाजार. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून पेडण्यात मालक सांगतात तो दर आणि प्रत्यक्ष ठरतो तो दर यांत मोठे अंतर पडले आहे. माझ्याकडे आलेले दोन व्यवहार या महिन्यात त्यावरच अडले. फोंड्यात, कुर्टी-बांदोड्याच्या बाजूला, राहण्यासाठी घेणारे लोक जास्त. टू बीएचके विचारतात आणि पार्किंग नसेल तर परत जातात. विकायची घाई नसेल तर पावसाळ्यात दर पाडून देऊ नका, चवथीनंतर गिऱ्हाईक पुन्हा फिरू लागते. भातशेती मात्र कोणी स्वस्तात दाखवली तर थांबा: २०२३ च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध आहेत.

खरे सांगायचे ते वेगळेच आहे. मागच्या आठवड्यात एक जुने ग्राहक घर विकायला आले. सेल डीड सहा वर्षांपूर्वीचे, पण एक-चौदावर अजून आधीच्या मालकाचेच नाव! म्युटेशन करायचे राहून गेले होते. चूक माझीही, मी पाठपुरावा करायला हवा होता. बनावट कागदांवर जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी २०२२ मध्ये सरकारला एसआयटी नेमावी लागली, हे विसरू नका. तुमचा उतारा काढा, कब्जेदाराच्या रकान्यात तुमचे नाव नसेल तर मला कळवा. मामलेदार कार्यालयातल्या कामात मी सोबत येईन, पैसे घेणार नाही. शहरात घर असेल तर एक-चौदाऐवजी फॉर्म डी बघा.

आणखी एक. आपल्याकडे गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची असते. म्हणून विकताना नवऱ्याबरोबर बायकोची, बायकोबरोबर नवऱ्याची सही लागतेच. परदेशात असलेल्या भावाच्या बायकोचीही. वारसांची जमीन असेल तर वारसांतल्या वाटणीची इन्व्हेंटरी झाली आहे का, ते आधी विचारा.

कोणी नातेवाईक, शेजारी घर घेणार-विकणार असेल तर माझा नंबर द्या, किंवा याच मेलला उत्तर द्या. ओळख करून दिल्याबद्दल मी कोणाला कमिशन देत नाही. तो पैसा शेवटी घेणाऱ्याच्याच खिशातून जातो. पण तुमच्या नावाने आलेल्या माणसाचे कागद मी आधी वाचून देतो, व्यवहार माझ्याकडून होवो वा न होवो.

तुमचा,
संदेश
फोंडा