‘गावाचं पाणी’ सादरीकरण : स्लाइडच्या पार्श्वभूमीचे प्रॉम्प्ट

सगळ्या स्लाइडला लागू (हा मजकूर आधी, मग त्या त्या स्लाइडचा)
१६:९ आडवं चित्र. ग्रामसभेत, शाळेच्या भिंतीवर, भरदुपारी दाखवायचं आहे. खिडक्यांना पडदे नाहीत, म्हणून पार्श्वभूमी फिकट आणि अक्षरं गडद (#2B2420). सर्वांत उजळ रंग #F6F0E4, सर्वांत गडद #E0D5C2. यापलीकडे एकही ठिपका नको. कडा मऊ, सावल्या विरलेल्या. अक्षरं, आकडे, लोगो, चेहरे नकोत.

शीर्षक
उन्हाळ्यात भेगाळलेलं काळ्या मातीचं रान, वरून पाहिलेलं. माती काळीच दाखवायची नाही. जुन्या कागदावर पेन्सिलीने हलकं रेखाटल्यासारखी दिसू दे. भेगांचं जाळं फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात, वर येता येता पुसट होत गेलेलं. भेगेच्या आतही काळोख नको, जेमतेम एक छटा गडद. वरचा दोनतृतीयांश भाग सपाट, तिथे गावाचं नाव येणार आहे.

विहिरीचा काप
वर माती, मग मुरूम, खाली कातळ. तिन्ही थर आडवे, एकमेकांत मिसळलेले, मध्ये ठळक रेघ नको. कातळ बसाल्टचा आहे म्हणून काळा करू नकोस. थर रंगावरून नव्हे, पोतावरून ओळखू यावेत: माती गुळगुळीत, मुरूम रवाळ, कातळात एकदोन बारीक सांधे. थर उजवीकडच्या चौथाई भागातच. डावीकडे विहिरींच्या पाणीपातळीचे आकडे येतील, ते मागच्या ओळींतून शोधावे लागू नयेत.

जायकवाडी
पैठणच्या नाथसागराचं शांत पाणी, सकाळचं धुकं. पाण्यावर चमक नको, चमकेवर अक्षर तुटतं. निळा रंग मातकट करून घे. क्षितिज अगदी खाली.

ऊस, सोयाबीन, तूर: पाण्याचा तक्ता
जवळजवळ कोरं. उजव्या कडेला तुरीची एक डहाळी, फिकट. तक्त्याच्या मागे काहीच नको.

लातूरची पाणीरेल्वे, २०१६
मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या टँकर-वाघिणींची रांग, लांबून, उन्हाच्या झळांत विरघळलेली. तळाशी एक अरुंद पट्टी, बाकी मोकळं आभाळ. गर्दी, घागरी, रडवेले चेहरे नकोत. समोर बसलेल्या लोकांनी ते दिवस काढलेत.

चित्र ठळक आलं तर
रचना तशीच ठेव. गडद भाग #E0D5C2 पर्यंत उजळ कर, रंगाची तीव्रता निम्म्यावर आण, मजकुराच्या जागेतला बारीक पोत पुसून टाक. पूर्ण चित्रावर पांढरा थर चढवू नकोस. त्याने कोपऱ्यातलं चित्रही मरतं. दुरुस्तीनंतर चित्राच्या सर्वांत गडद ठिकाणीही #2B2420 च्या अक्षरांशी कॉन्ट्रास्ट ७:१ च्या खाली जायला नको. ४.५:१ चा नेहमीचा किमान निकष पडद्यासाठी चालतो, उजेडातल्या भिंतीवर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना तेवढ्यावर वाचता येत नाही.