साक्षीदार क्रमांक चार

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५. रात्री साडेदहा.

मॅडम म्हणाल्या होत्या, कोर्टात जे पाहाल ते त्याच रात्री लिहून काढा. दोन दिवस गेले की तुम्ही पुस्तकाच्या भाषेत लिहायला लागाल. म्हणून जेवण झाल्या झाल्या बसले आहे. डोक्यात अजून त्या कॉरिडॉरचा गलका आहे.

आम्ही पाच जणी सव्वादहाला जिल्हा न्यायालयात पोचलो. फौजदारी खटल्याची सुनावणी खुल्या न्यायालयात होते, कुणीही जाऊन बसू शकतं, हे आम्ही पहिल्याच सत्रात शिकलो. तरी दाराशी पाय अडलेच. पट्टेवाल्यांनी विचारलं, "कोणाकडे काम आहे?" विद्यार्थी आहोत म्हटल्यावर ते म्हणाले, "मोबाईल बंद करा, मागच्या बाकावर बसा, साहेब आले की उभ्या राहा." इतकंच. सगळी दारं उघडी असूनही आत जायला कुणीतरी 'बसा' म्हणावं लागतं.

सुनावणी सुरू व्हायला वेळ होता म्हणून बाहेर आले. तिथल्या बाकावर एक साठीच्या आसपासच्या बाई बसल्या होत्या. इस्त्रीची घडी न मोडलेलं लुगडं, पायात नव्या चपला, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, "कुणाची गं तू? वकिलीन हाईस का?" मी म्हटलं, नाही, शिकते. "मग शिक," म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. सकाळी सहाच्या एसटीने आल्या होत्या. तिसऱ्यांदा. पहिल्या खेपेला आरोपीचे वकील आजारी होते, दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. दोन्ही वेळा दिवसभर बसून परत गेल्या, दोन दिवसांची रोजंदारी बुडाली. कशासाठी आलात, हे मी विचारलं नाही. साक्षीदाराशी खटल्याबद्दल बोलायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. आणि त्या साक्षीदार आहेत हे तरी मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, सुरू झाला. पहिला अर्धा तास नुसत्या तारखा. भिंतीवरच्या पडद्यावर कारागृहातून एकेक बंदी समोर यायचा, नाव सांगायचा, पुढची तारीख ऐकायचा आणि जायचा. एकाला मी घड्याळ लावून मोजलं, चाळीस सेकंद. २०२२च्या राष्ट्रीय कारागृह आकडेवारीत एकूण बंद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी आहेत, हा आकडा मी तीन उत्तरपत्रिकांत लिहिला आहे. आज त्यातल्या एकाने पडद्यातून हात जोडले आणि पडदा काळा झाला.

मग आमचा खटला पुकारला. २०१९ मधली घटना. बांधाचा वाद, दोन चुलत भाऊ, कोयत्याचा वार, एकाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. भारतीय दंड संहितेचं कलम ३०७ आणि ३२६, म्हणजे खुनाचा प्रयत्न आणि घातक हत्याराने गंभीर दुखापत. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा, त्यामुळे नवी न्याय संहिता नाही, सगळं जुन्याच कायद्याने. फिर्यादी पुढच्या बाकावर होता, हात रुमालात गुंडाळलेला. आरोपी जामिनावर, मागे आमच्याच रांगेत. तो आरोपी आहे हे मला पुकारा झाल्यावर कळलं. पांढरा सदरा, चष्मा, कपाळाला बुक्का. गुन्हेगाराचा चेहरा असा काही नसतो, गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो म्हणणाऱ्या लोम्ब्रोसोला जाऊन शंभर वर्षं उलटली, हे सगळं पाठ असून मी दचकले. म्हणजे मी मनात कुठलातरी चेहरा धरूनच आले होते.

"साक्षीदार क्रमांक चार हाजिर हो."

बाकावरच्या बाई आत आल्या.

पिंजऱ्यात चढताना त्यांनी चपला खाली काढून ठेवल्या. खरे सांगेन, खोटे सांगणार नाही, ही शपथ त्यांनी पट्टेवाल्यांच्या मागोमाग म्हटली, एकेक शब्द जपून. सरकारी वकिलांनी सुरुवात सावकाश केली. नाव, गाव, काय काम करता, आरोपीला ओळखता का. "वळकती की. त्येंच्याच वावरात कामाला असती." त्या दिवशी काय पाहिलंत?

"म्या न्हाई काय पाह्यलं."

सरकारी वकिलांनी तोच प्रश्न फिरवून विचारला. तेच उत्तर. तुम्ही तिथेच खुरपत होता ना? "व्हते, पर लांब व्हते." ओरडणं ऐकलं? बाई गप्प. न्यायाधीश साहेब म्हणाले, "बाई, मोठ्याने सांगा, लिहायचं आहे." त्या म्हणाल्या, "न्हाई ऐकलं."

मग ते वाक्य आलं, ज्याची मी वर्षभर वाट पाहत होते: साक्षीदार सरकार पक्षाला साथ देत नाही, फितूर घोषित करून उलटतपासणीची परवानगी मिळावी. परवानगी मिळाली. मी वहीत लिहिलं: '१२.२०. साक्षीदार क्र. ४ फितूर.' लिहिताना मला आनंद झाला होता. वर्गात शिकलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडली, याचा आनंद. तो इथे लिहून ठेवते आहे, कारण त्याची मला आत्ता फार लाज वाटते आहे.

पुढचं सगळं दहा मिनिटांत संपलं. पोलिसांनी घेतलेला जबाब वाचून दाखवला. त्यात बाईंनी कोयता पाहिला होता, वार पाहिला होता, आरोपीचं नाव घेतलं होतं. असं तुम्ही सांगितलं होतं? "न्हाई." मग पोलिसांनी कसं लिहिलं? "मला काय ठावं." या जबाबावर सही-अंगठा घेत नाहीत, कायदाच तसा आहे, पोलिसांनी दमात घेऊन काहीही कबूल करून घेऊ नये म्हणून. ती तरतूद चांगली आहे असं मला आजही वाटतं. पण आज त्याच मोकळ्या जागेतून बाईंची सहा वर्षांपूर्वीची गोष्ट निसटून गेली.

शेवटी सरकारी वकील म्हणाले, तुम्ही यांच्याकडे कामाला आहात, म्हणून यांना वाचवायला खोटं सांगताय. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "तसं न्हाई वो, सायेब. काम गेलं तर…" आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "न्हाई."

साहेबांनी लघुलेखकाला सांगितलं: हे म्हणणे खरे नाही की, आरोपी माझे मालक असल्याने त्यांना वाचविण्यासाठी मी खोटी साक्ष देत आहे.

ते 'काम गेलं तर' कुठेच नाही. साहेबांनी गैर काही केलं नाही. अर्धवट वाक्य पुरावा होत नाही. पण त्या सबंध सकाळीत बाईंनी स्वतःहून बोललेले तेवढे तीनच शब्द होते, आणि मागच्या बाकावरून मी ते स्पष्ट ऐकले.

फितूर. हा शब्द संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. पुरावा कायद्याच्या १५४व्या कलमात तो नाहीच. तिथे एवढंच आहे की, ज्याने साक्षीदाराला बोलावलं त्यालाच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी न्यायालय देऊ शकतं. बस. इंग्रजीत त्याला वैरी म्हटलं गेलं, आणि आपण मराठीत थेट फितूर केलं. आपल्याकडे फितूर कोण असतो? गडाचा दरवाजा रात्री आतून उघडणारा. शाळेपासून तो शब्द आपण दात-ओठ खाऊन वाचतो. आणि आज तो एका शेतमजूर बाईला लावला गेला, जिच्याकडे ना गड होता ना दरवाजाची किल्ली.

गेल्या सत्रात बेस्ट बेकरी खटल्यावर मी निबंध लिहिला होता. २००३ मध्ये साक्षीदार उलटले आणि सगळे २१ आरोपी सुटले, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी महाराष्ट्रात घ्यायला लावली, आणि २००६ मध्ये सारखी साक्ष बदलणाऱ्या जाहिरा शेखलाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद झाली. मी लिहिलं होतं, 'अशा शिक्षेने जरब बसेल.' चांगले गुण मिळाले होते. जरब कोणावर, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

साक्षीदार संरक्षण योजनाही पाठ आहे. २०१८ ची, महेंद्र चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली. धोक्याच्या तीन श्रेणी, पोलिसांचा अहवाल, पहारा, गरज पडली तर घर बदलून देणं. आज मी बाईंना त्यातल्या कुठल्या श्रेणीत बसवायचं याचा बसमध्ये खूप विचार केला. त्यांना कुणी धमकी दिली असेलच असं नाही. कदाचित कुणी एक शब्दही बोललं नसेल. उद्या सकाळी खुरपं घेऊन कुठल्या वावरात जायचं, एवढाच प्रश्न असेल, तर तो कुठल्या रकान्यात लिहायचा? पहारा कशावर बसवायचा, रोजंदारीवर?

पण फिर्यादीचा हात मी विसरू शकत नाही. साक्ष संपल्यावर तो मागे वळून बाईंकडे बघत राहिला. रागाने नाही. त्याची दोन बोटं गेली आहेत आणि ज्यांनी ते पाहिलं असं कागद सांगतो, त्या पाहिलंच नाही म्हणाल्या. मी बाईंचं सगळं समजून घेतलं, तर त्याला काय सांगू? उलटलेल्या साक्षीदाराची साक्ष सगळीच पुसली जात नाही, तिच्यातला विश्वासार्ह भाग धरता येतो, हे सतपाल खटल्यापासून, म्हणजे १९७५ पासून ठरलेलं आहे. आज धरायला उरलं काय? 'व्हते, पर लांब व्हते.' एवढंच. त्या तिथे होत्या.

आणि हेही खरं की कदाचित त्यांनी खरोखरच पाहिलं नसेल. कदाचित पोलिसांनीच चार जबाब एका ठशाचे लिहिले असतील. मागच्या बाकावरून मला ते कळणं शक्य नाही, आणि मी मात्र 'काम गेलं तर' वरून पूर्ण गोष्ट रचून बसले आहे. हे मॅडमना उद्या विचारायचं आहे: निरीक्षण कुठे संपतं आणि माझी गोष्ट कुठे सुरू होते?

बाहेर आल्यावर बाई पोलिसांकडून कोर्टाचं काम बघणाऱ्या पैरवी हवालदारांना भत्त्याचं विचारत होत्या. अर्ज करावा लागेल म्हणाले. बाईंनी "ऱ्हाऊ द्या" म्हटलं. २००० मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांच्या या हालांवर लिहिलं आहे: दिवसभर ताटकळणं, तारीख पडणं, खर्चाचे पैसे न मिळणं. मी ते वाचलं तेव्हा मला ते जुन्या काळाचं वर्णन वाटलं होतं.

फाटकाजवळ पावसाची भुरभुर सुरू झाली होती. आरोपीची जीप उभी होती. मागचं दार उघडलं, आतून कुणीतरी म्हणालं, "चला आजी, एसटी आता चारलाच हाय." बाईंनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मी समोरच होते. त्यांनी मला ओळखलं, हात केला, आणि पिशवी आधी आत ठेवून मग चढल्या. फिर्यादी चहाच्या टपरीपाशी उभा होता. त्याचंही गाव तेच.

पुढची तारीख २ सप्टेंबर, डॉक्टरांची साक्ष. मी जाणार आहे. वहीतली १२.२० ची ओळ खोडलेली नाही, तशीच ठेवली आहे. तिच्या खाली एवढं लिहिलं: सहाची एसटी. तिसरी खेप. चपला खाली काढल्या. 'काम गेलं तर…'