वर्गप्रतिनिधिपद सोपवताना

आदरणीय विभागप्रमुख सर, वर्गशिक्षिका मॅडम, प्रयोगशाळेतले आपले मामा आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

गेले वर्षभर आपल्या रसायनशास्त्राच्या वर्गाचे प्रतिनिधिपद माझ्याकडे होते. तृतीय वर्षाच्या या पहिल्याच आठवड्यात ते मी सायलीकडे सोपवत आहे. सायली, तुझे मनःपूर्वक अभिनंदन आणि स्वागत. शुक्रवारी मॅडमसमोर चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हा बासष्टपैकी सत्तेचाळीस चिठ्ठ्यांवर तुझे नाव होते. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर बरीच वर्षे वर्गप्रतिनिधी परीक्षेतल्या गुणांवर ठरत असे आणि निवडणुकीची तरतूद २०१६ च्या कायद्यात पुन्हा आली, हे मला या पदावर आल्यावरच कळले. आपल्या चिठ्ठ्या वर्गापुरत्याच होत्या, तरीही वर्गाने विचार करून नाव लिहिले याचे मोल मला मोठे वाटते. ज्या पंधरा जणांनी दुसरे नाव लिहिले, त्यांचीही तू तेवढीच प्रतिनिधी आहेस.

या पदाचे काम म्हणजे सूचना पोहोचवणे, असे मी सुरुवातीला समजत होतो. फलकावरच्या सूचनेचा फोटो काढायचा, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचा आणि निर्धास्त व्हायचे, असा माझा शिरस्ता होता. परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली, तेव्हाही मी तेच केले. आपला एक मित्र त्या आठवड्यात गावी गेला होता आणि त्याचा फोन बिघडला होता. तो परत आला तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. त्याला विलंब शुल्क भरावे लागले, आणि त्या पैशांसाठी त्याने महिन्याच्या उरलेल्या दिवसांत मेसचा रात्रीचा डबा बंद केला, हे मला त्याच्या खोलीतल्या मुलाकडून कळले. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. माझा संदेश गटावर होता, तो वाचलेल्यांच्या यादीत अनेकांची नावेही होती, पण त्याचे नव्हते आणि मी ती यादी उघडून पाहिली नव्हती. त्या दिवसापासून मी वही ठेवू लागलो. महत्त्वाची सूचना आली की बासष्ट नावांची यादी काढायची आणि ज्याच्याकडून होकार आला त्याच्या नावापुढे खूण करायची. शेवटी जी चार-पाच नावे उरतात, त्यांना फोन करायचा किंवा वाचनालयात, बसथांब्यावर गाठायचे. सायली, वर्गप्रतिनिधीचे खरे काम त्या उरलेल्या चार-पाच नावांपासून सुरू होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

वर्गाचे म्हणणे शिक्षकांपर्यंत नेतानाही मी चुकत शिकलो. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आपल्या पहिल्या तुकडीचे प्रात्यक्षिक लागले होते. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ते वाहतुकीला बंद असतात, हे पुण्यात कुणाला सांगावे लागत नाही. मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, सगळ्यांचीच अडचण आहे." सरांनी शांतपणे विचारले, "सगळे म्हणजे किती? आणि मग प्रात्यक्षिक कधी करू या?" माझ्याकडे दोन्ही प्रश्नांचे उत्तर नव्हते. मी परत आलो, प्रत्येकाला विचारले. तुकडीतल्या वीसपैकी अकरा जण पेठांमध्ये राहत होते किंवा त्या रस्त्यांवरून येत होते, आणि तिघे ढोल-ताशा पथकात होते. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते, हे मामांनी सांगितले. हे सगळे एका कागदावर लिहून दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा सरांनी दोन मिनिटांत तारीख बदलली. तेव्हापासून तक्रार आणि मागणी यांतला फरक मला समजू लागला. आकडा आणि पर्याय हातात असला की शिक्षकांनाही मदत करणे सोपे जाते, आणि त्यांच्याबद्दल आपल्या मनात असलेली भीती बहुतेक वेळा निराधार ठरते.

पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींमुळे दरवर्षी ऑगस्टमध्ये आपल्यातल्या काहींची हजेरी घटते. त्यांची पत्रे तालमी सुरू होण्यापूर्वीच मॅडमना दे. सत्र संपताना ७५ टक्क्यांचे गणित जुळवत बसणे फार त्रासाचे होते. प्रॉक्सीसाठी मात्र कुणी मैत्रीचा हवाला दिला, तरी नाही म्हण. मी दोन मित्रांना नाही म्हणालो. त्यांतला एक महिनाभर माझ्याशी बोलला नाही आणि ते मला लागलेही, पण वर्गाच्या बाजूने पुढच्या वेळी सरांसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या शब्दावर शंका घेतली गेली नाही, ती त्यामुळेच.

आता तुझ्याविषयी थोडे. तुझ्या निवडीने मला इतका आनंद का झाला, ते सर्वांसमोर सांगायला हवे. प्रथम वर्षात बीडहून आलेल्या आपल्या मैत्रिणीला इंग्रजीतली व्याख्याने जड जात होती. ती शेवटच्या बाकावर बसायची आणि काही विचारायची नाही. तू रोज दुपारी वाचनालयाबाहेरच्या कट्ट्यावर तिच्याबरोबर बसून त्या दिवसाचा भाग मराठीतून समजावत होतीस. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा आणि उजव्या पानावर तिचा मराठीतला अर्थ, असे तुम्ही दोघींनी लिहिलेले मी पाहिले आहे. तेव्हा तुझ्याकडे कोणतेही पद नव्हते आणि तुला कुणी सांगितलेही नव्हते. जे मला वर्षभराने आणि एका मित्राचे नुकसान झाल्यावर उमगले, ते तुझ्या स्वभावातच आहे. त्यामुळे शुक्रवारी तू मला म्हणालीस की मला चारचौघांत नीट बोलता येत नाही, तेव्हा मला काळजी वाटली नाही. तुला ऐकता येते. बोलणे या वर्षात आपोआप येईल, आणि पहिले काही दिवस विभागात जाताना सोबत हवी असेल तर मी येईन. मात्र बोलायचे तूच, मी मागे उभा राहीन.

मॅडम, सर, माझ्या चुका आपण वेळोवेळी दाखवून दिल्या आणि दार कधी बंद केले नाही, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मामांनी तर कितीदा वेळापत्रकातल्या बदलाची खबर फलकावर लागण्याआधी मला दिली. मित्रमैत्रिणींनो, सायलीच्या फोनला वेळेवर उत्तर द्या, एवढीच तुमच्याकडे विनंती आहे.

सायली, या वहीत तिन्ही तुकड्यांच्या याद्या आहेत. कोण लोणावळा लोकलने येते, कोण हडपसरहून दोन बस बदलून येते, कोणाला कोणत्या वेळी फोन लागतो, हेही लिहिले आहे. मागच्या सहलीतले उरलेले तेराशे चाळीस रुपये पाकिटात आहेत, हिशेब शेवटच्या पानावर आहे. पैसे मोजून घे आणि सही कर. दोन कामे अपुरी राहिली आहेत: प्रयोगशाळेतला धूर बाहेर काढणारा बंद पंखा आणि परीक्षेच्या काळात वाचनालय रात्री आठपर्यंत उघडे ठेवण्याचा अर्ज. अर्जावर अजून नऊ जणांच्या सह्या व्हायच्या आहेत, त्यांची नावे पेन्सिलने लिहून ठेवली आहेत.

ये, ही वही घे.